एका खणात गर्दी, त्रेसष्ट रिकामे

समजा, 256 पर्जन्यमापक केंद्रांच्या 512 दिवसांच्या नोंदी एका तक्त्यात आहेत. एका केंद्राची एक ओळ, एका दिवसाचा एक स्तंभ. प्रत्येक आकडा 8 बाइटचा, म्हणजे एक ओळ 4096 बाइटची आणि सगळा तक्ता बरोबर 1 एमबीचा. आपल्याला हवी आहे रोजची बेरीज: त्या दिवशी सगळ्या केंद्रांवर मिळून किती पाऊस पडला. सी भाषेत हे काम तीन ओळींचं आहे.

```c
for (d = 0; d < 512; d++)
  for (k = 0; k < 256; k++)
    total[d] += rain[k][d];
```

उत्तर बरोबर येतं, पण वेळ भलताच लागतो. प्रोसेसरला लागलेला जवळजवळ प्रत्येक आकडा त्याच्या कॅशमध्ये सापडत नाही. (कॅश म्हणजे इथे रोकड नव्हे. उच्चार तोच असला तरी हा शब्द लपवून ठेवलेल्या साठ्याचा आहे.) आकडा कॅशमध्ये असेल तर चार-पाच ठोक्यांत हाती येतो, आणि पार मुख्य मेमरीपर्यंत जावं लागलं तर शंभराहून जास्त ठोके जातात. न सापडण्याला ‘मिस’ म्हणतात. मिस का झाली, हे कळल्याशिवाय तिच्यावर उपाय करता येत नाही.

आधी कॅशची रचना पाहू. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत वर्षानुवर्षं आकड्यांसाठीची पहिल्या पातळीची कॅश 32 केबीची होती. ती मेमरीतून एकेक बाइट उचलत नाही, सलग 64 बाइटचा ब्लॉक उचलते. म्हणजे आपले 8 आकडे एका खेपेत येतात. 32 केबीत असे 512 ब्लॉक मावतात. पण कुठलाही ब्लॉक कुठेही ठेवायची मुभा नाही. कॅश म्हणजे 64 खणांचं फडताळ समजा, प्रत्येक खणात 8 जागा. कोणता ब्लॉक कोणत्या खणात जाणार हे त्याच्या पत्त्यावरून ठरतं: ब्लॉकच्या क्रमांकाला 64 ने भागायचं, बाकी राहील तो खण. त्या खणातल्या आठांपैकी कुठलीही जागा चालते, शेजारच्या खणातली चालत नाही. खण भरलेला असेल तर ज्याला सर्वांत जास्त वेळ कुणी हात लावलेला नाही तो ब्लॉक बाहेर जातो. एका खणातल्या जागांच्या या संख्येलाच असोसिएटिव्हिटी म्हणतात. आपली कॅश आठ जागांची, म्हणजे ‘एट-वे’.

आता 64 खण गुणिले 64 बाइट म्हणजे 4096, आणि आपली एक ओळसुद्धा 4096 बाइटची! दुसऱ्या केंद्राचा त्याच दिवसाचा आकडा पहिल्याच्या बरोबर 4096 बाइट पुढे, म्हणून त्याच खणात. तिसराही तिथेच. एका स्तंभाचे 256 ब्लॉक एकाच खणावर तुटून पडतात, जागा असतात आठ, आणि उरलेले 63 खण स्वस्थ बसलेले असतात. नववा ब्लॉक आला की पहिला बाहेर. पुढच्या दिवसाच्या स्तंभासाठी पुन्हा पहिला ब्लॉक लागतो (त्यात आठ दिवसांचे आकडे होतेच), तोवर तो केव्हाच गेलेला असतो. एकूण 1,31,072 वेळा आकडा मागितला आणि 1,31,072 वेळा मिस झाली.

या मिसची वर्गवारी मार्क हिल यांनी 1987 मध्ये बर्कलीतल्या आपल्या पीएचडी प्रबंधात मांडली. पुढे हेनेसी आणि पॅटरसन यांच्या पाठ्यपुस्तकातून ती ‘तीन सी’ म्हणून जगभर पोचली. आपल्याकडची इंजिनिअरिंगची मुलं कंपल्सरी, कपॅसिटी, कॉन्फ्लिक्ट असं घडाघडा म्हणून दाखवतात. पण ही वर्गवारी वजाबाकीने करायची असते, हे मात्र पुष्कळदा निसटतं. एका सुट्या मिसकडे बोट दाखवून ‘ही अमुक जातीची’ म्हणण्यापेक्षा एकच काम वेगवेगळ्या काल्पनिक कॅशवर चालवायचं आणि फरक मोजायचा.

पहिली काल्पनिक कॅश अमर्याद मोठी. तीत काहीच बाहेर जात नाही, तरीही प्रत्येक ब्लॉक पहिल्यांदा मागितला तेव्हा मिस होणारच. या अनिवार्य मिस. आपल्या तक्त्याचे 1 एमबी भागिले 64 बाइट, म्हणजे 16,384. दुसरी कॅश खरीइतकीच, 32 केबीची, पण खणांची अट काढलेली: 512 पैकी कुठल्याही जागी कुठलाही ब्लॉक. इथे ज्या मिस वाढतील त्या क्षमतेच्या. एका स्तंभाला 256 ब्लॉक लागतात, जागा 512 आहेत, सगळे मावतात. म्हणून क्षमतेच्या मिस शून्य. तिसरी आपली खरी कॅश. तिथे अजून ज्या मिस वाढल्या त्या टकरीच्या: 1,31,072 वजा 16,384, म्हणजे 1,14,688. दर आठ मिसपैकी सात निव्वळ खणाच्या वाटपामुळे झालेल्या.

निदान झालं की इलाज सोपा आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी 8 रिकामे आकडे जोडायचे, `rain[256][512]` ऐवजी `rain[256][520]`. ओळ आता 4160 बाइटची, म्हणजे 65 ब्लॉकची झाली. त्यामुळे प्रत्येक केंद्राचा ब्लॉक मागच्याच्या शेजारच्या खणात सरकतो. 256 ब्लॉक 64 खणांत समान पसरतात, प्रत्येक खणात चार. मिस उतरून 16,384 वर येतात. बेरीज करणाऱ्या त्या तीन ओळींना हातही लागलेला नाही.

हे पडताळायला व्हॅलग्रिंडमधलं कॅशग्रिंड हे अवजार चांगलं. त्याला कॅशचं माप, असोसिएटिव्हिटी आणि ब्लॉक सांगता येतो. पहिली आज्ञा खऱ्या कॅशची, दुसरी खण नसलेल्या कॅशची:

```
valgrind --tool=cachegrind --cache-sim=yes --D1=32768,8,64 ./paus
valgrind --tool=cachegrind --cache-sim=yes --D1=32768,512,64 ./paus
```

दोन्ही आकड्यांत प्रोग्रॅमच्या इतर भागांच्या मिसही मिसळलेल्या असतात, तक्ता भरतानाच्यासुद्धा, पण वजाबाकीत टकरीचा ढीग स्पष्ट दिसतो. प्रोसेसरच्या आतले मोजणी-रजिस्टर मात्र फक्त मिसची संख्या सांगतात, जात सांगत नाहीत.

आता केंद्रं 256 ऐवजी 1024 करू. लक्षण हुबेहूब तेच: 5,24,288 मागण्या, 5,24,288 मिस. वाटतं, ओळीला आठ आकडे जोडले की झालं. जोडून पाहा, एकही मिस कमी होत नाही. कारण आता एका स्तंभाला 1024 ब्लॉक लागतात आणि सगळ्या कॅशमध्ये मावतात 512. खणांची अट काढली तरी पुढच्या स्तंभापर्यंत पहिला ब्लॉक टिकत नाही. हिशेब मांडला तर अनिवार्य 65,536, क्षमतेच्या 4,58,752 आणि टकरीच्या शून्य. खण अजूनही एकच भरतोय, पण तो आता आजाराचं कारण उरलेला नाही.

इथे कामाचा क्रमच बदलायला हवा. दोन लूपची अदलाबदल केली, आधी केंद्र आणि आत दिवस, की तक्ता ओळीने वाचला जातो, आलेल्या ब्लॉकमधले आठही आकडे लगोलग वापरले जातात आणि तक्त्याच्या फक्त अनिवार्य मिस उरतात. रोजच्या बेरजांची यादी 4 केबीची, ती कॅशमध्ये आरामात राहते. उत्तरही शेवटच्या बिटापर्यंत तेच येतं, कारण प्रत्येक दिवसाच्या बेरजेत केंद्रांचा क्रम बदललेला नाही. मग हे पहिल्याच तक्त्याला का नाही केलं? केलं असतं तरी चाललं असतं. पण तक्त्याच्या ओळींचे स्तंभ करून दुसरीकडे लिहायचे असतील तर ही अदलाबदल कामाची नाही: एक तक्ता ओळीने गेला की दुसरा स्तंभाने जाणारच. तेव्हा तुकडे पाडावे लागतात, एका वेळी कॅशमध्ये मावेल एवढा चौकोन घ्यायचा. तुकडे पाडले की गर्दीच्या खणाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो आणि रिकामे आकडे जोडायची युक्ती पुन्हा कामाला येते.

प्रोसेसर घडवणाऱ्यांच्या हातात यातलं काय असतं? पहिली गोष्ट ब्लॉकचं माप. आपल्या मूळ 256 केंद्रांच्या तक्त्यावर ब्लॉक 64 ऐवजी 256 बाइटचा करून पाहू, कॅश 32 केबीचीच ठेवून. अनिवार्य मिस एकदम चौथाईवर, 4,096. पण आता कॅशमध्ये ब्लॉक मावतात फक्त 128, आणि स्तंभाला लागतात 256. जिथे क्षमतेची मिस एकही नव्हती तिथे 1,26,976 झाल्या. रिकामे आकडे जोडायचा उपायही त्यामुळे बाद. शिवाय प्रत्येक मिसला 8 बाइटसाठी 256 बाइट ओढून आणायचे, म्हणजे 1 एमबीच्या तक्त्यासाठी 32 एमबीची वाहतूक. मोठा ब्लॉक सलग वाचणाऱ्याला पावतो आणि उड्या मारणाऱ्याला बुडवतो. ब्लॉक मोठे झाले की खणही कमी होतात, त्यामुळे टकरी वाढण्याचीही सोय होते. म्हणूनच सलग वाचनाचा फायदा मिळवायला ब्लॉक फुगवण्यापेक्षा पुढचे ब्लॉक आधीच मागवून ठेवणारी यंत्रणा वापरतात.

दुसरी गोष्ट असोसिएटिव्हिटी. तिने अनिवार्य मिस बदलत नाहीत, ब्लॉक पहिल्यांदा यायचाच आहे. क्षमतेच्याही बदलत नाहीत, कारण त्या खण नसलेल्या कॅशवरच मोजल्या होत्या. बदलतात फक्त टकरीच्या. मग खण काढूनच का टाकत नाहीत? कारण शोधताना त्या खणातल्या प्रत्येक जागेची खूण एकाच वेळी ताडून पाहावी लागते. आठ खुणा ताडणं वेगळं, 512 ताडणं वेगळं. वीज जास्त जाते आणि सापडलेला आकडा मिळायलाही उशीर होतो. आठ हा आकडा केवळ टकरींच्या हिशेबाने आलेला नाही, ही एक गंमत. मेमरीचं पान 4096 बाइटचं असतं. खणांचा एक फेरा तेवढ्यातच बसवला तर पानाचा खरा पत्ता कळायच्या आधीच खण उघडून ठेवता येतो. मग 32 केबी हवे असतील तर जागा आठच कराव्या लागतात.

टकरीच्या मिस वजाबाकीने ठरतात, हे विसरलं की एक उदाहरण हमखास चकवतं. आठच ब्लॉकची छोटी कॅश घ्या आणि नऊ ब्लॉक क्रमाने पुन्हा पुन्हा मागा. खण नसतील तर नववा आला की सर्वांत जुना, म्हणजे पहिला जातो, आणि लगेच तोच लागतो. तो आला की दुसरा जातो. प्रत्येक फेरीत नऊच्या नऊ मिस. आता आठ खण, प्रत्येकात एकच जागा असं करा. नववा ब्लॉक पहिल्याच्याच खणात येतो, भांडण फक्त त्या दोघांचं. उरलेले सात जागचे हलत नाहीत. दर फेरीला दोनच मिस. सूत्रात घातलं तर टकरीच्या मिस दर फेरीला दोन वजा नऊ, म्हणजे उणे सात.