मोटार जुनी, बिल नवे : एका पत्रामागचे गणित

इचलकरंजी परिसरातील एका सूतगिरणीच्या देखभाल अभियंत्याने व्यवस्थापनाला मोटारी बदलण्यासाठी निधी मागणारे पत्र दिले आहे. याआधी त्याने दोनदा अशीच मागणी केली होती आणि दोन्ही वेळा 'चालते आहे ना, मग चालू द्या' असे उत्तर मिळाले होते. त्या पत्रांत मोटारी जुन्या झाल्या आहेत, एवढेच म्हटले होते. तिसऱ्या पत्रात मात्र त्याने जुनेपणाविषयी फारसे काही लिहिलेले नाही. एकाच मोटारीचा वर्षभराचा हिशेब मांडून त्याने पैसे कोठे जातात, हे दाखवले आहे.

ही मोटार आर्द्रता राखणाऱ्या ह्युमिडिफिकेशन प्लांटच्या पंख्याची आहे. सूत तुटू नये म्हणून खात्यात ओलसर हवा सतत खेळती ठेवावी लागते. त्यामुळे हा पंखा वर्षाकाठी सुमारे आठ हजार तास चालतो. मोटार ३७ किलोवॅटची, पण मीटर लावून पाहिले असता ती ३० किलोवॅट वीज घेत होती. युनिटला आठ रुपये दर धरला, तर वर्षाचा विजेचा खर्च १९ लाख २० हजार रुपये होतो. अशी नवी कार्यक्षम मोटार सुमारे एक लाख साठ हजारांत मिळते. म्हणजे मोटारीच्या किमतीच्या बारापट रक्कम दरवर्षी विजेवर जाते. तरीही खरेदीच्या वेळी चर्चा होते ती किमतीचीच. त्याचे कारण हिशेबाच्या वह्यांत आहे. नवी मोटार भांडवली खर्चात मोडते, तिला मंजुरी लागते. विजेचे बिल महसुली खात्यातून आपोआप भरले जाते आणि जळालेल्या मोटारीचे रिवाइंडिंग देखभाल विभागाच्या किरकोळ खर्चात बसते.

या मोटारीचे रिवाइंडिंग आतापर्यंत तीनदा झाले आहे. रिवाइंडिंग म्हणजे मोटार बिघडवणेच, असे मात्र नाही. योग्य काळजी घेतली, तर कार्यक्षमता बव्हंशी टिकते. परंतु जळलेली तार लवकर निघावी म्हणून स्टेटरवर थेट ज्योत धरली जाते, तेव्हा पोलादी पत्र्यांमधील पातळ विद्युतरोधक थर जळतो. पत्र्यांतून भोवरी प्रवाह वाहू लागतात आणि गाभा विनाकारण तापतो. हे नुकसान वरून दिसत नाही. ते ओळखण्यासाठी अभियंत्याने पंख्याचा पट्टा काढला आणि मोटार रिकामी चालवली. काहीही काम न करता ती २.२ किलोवॅट वीज घेत होती. वायंडिंगचा रोध आणि भारावरील वेग मोजून उरलेला ऱ्हास काढल्यावर एकूण ऱ्हास ३.६ किलोवॅट निघाला, म्हणजे कार्यक्षमता ८८ टक्के. आय ई ३ वर्गाच्या नव्या मोटारीत ती सुमारे ९४ टक्के असते. पंख्याला दांड्यावर २६.४ किलोवॅट शक्ती लागते. ती देण्यासाठी नवी मोटार ३० ऐवजी सुमारे २८.१ किलोवॅट घेईल. वर्षाला सुमारे पंधरा हजार युनिटांची बचत येथे दिसते.

नेमक्या याच ठिकाणी अनेक प्रस्ताव फसतात. कार्यक्षम मोटारीत घसरण कमी असल्याने ती किंचित जास्त वेगाने फिरते. जुनी मोटार मिनिटाला १,४६० फेरे घेत असेल, तर नवी १,४८० घेते. हा फरक दीड टक्क्याहूनही कमी असला, तरी पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ती चार टक्क्यांहून अधिक वाढते आणि दोन किलोवॅटची अपेक्षित बचत पाऊण किलोवॅटवर येते. बिल जवळपास तेवढेच राहते आणि 'नव्या मोटारीने काही फरक पडला नाही' हा शेरा फाइलवर कायमचा बसतो. मोटारीवरील पुली थोडी लहान केली, तर हा धोका टळतो.

घनाचा हाच नियम उलट दिशेने वापरला, तर मोठी बचत होते आणि पत्राचा मुख्य आधार तोच आहे. वर्षातील साधारण निम्मे तास, विशेषतः पावसाळ्यात आणि थंडीत, पूर्ण हवा लागत नाही. सध्या डँपर अर्धवट लावून ती अडवली जाते, पण मोटार पूर्ण वेगानेच फिरते. वीज ३० वरून फक्त २७ किलोवॅटपर्यंत उतरते. मोटारीला वारंवारता बदलणारा वेगनियंत्रक, म्हणजे ड्राइव्ह, जोडला आणि पंखा ८० टक्के वेगाने फिरवला, तर शक्ती जवळपास निम्म्यावर येते. मोटार आणि ड्राइव्ह यांचा ऱ्हास धरूनही मीटरवर १५ किलोवॅटच्या आसपास आकडा दिसेल. चार हजार तासांत ही बचत ४८ हजार युनिटांची होते. पूर्ण वेगाच्या काळात ड्राइव्हचा स्वतःचा ऱ्हास वजा जाता आणखी चार हजार युनिटे वाचतात. एकूण ५२ हजार युनिटे, म्हणजे वर्षाला चार लाख सोळा हजार रुपये.

मोटार, ड्राइव्ह, केबल आणि बसवणीचा खर्च चार लाखांच्या घरात जातो. कागदावर तो वर्षाच्या आतच भरून निघतो. अभियंत्याने मात्र बचत ७० टक्केच धरली आहे. त्यामुळे परतफेडीला सुमारे सोळा-सतरा महिने लागतात. हवामान आणि कामगारांच्या सवयी कोणाच्या हातात नसतात, हे त्याचे कारण.

ड्राइव्ह सगळीकडे लावा, असेही तो म्हणत नाही. रिंग फ्रेमच्या मोटारीला वेग कमी केला तर उत्पादनच घटते. तेथे घनाच्या नियमाचा लाभ नाही. तेथे फक्त कार्यक्षम मोटार पुरेशी ठरते. तीनदा रिवाइंड झालेल्या जुन्या मोटारीला ड्राइव्ह जोडून पैसे वाचवण्याचा मार्गही त्याने नाकारला आहे. ड्राइव्हमधून येणारे विजेचे तीव्र झटके कमकुवत झालेले वायंडिंग फोडू शकतात. शिवाय गिरणीतील कापसाचा भुरा ड्राइव्हच्या जाळीत अडकला, की तो तापून बंद पडतो. म्हणून पॅनेल खात्याबाहेर बसवावे आणि जाळी दर आठवड्याला साफ करावी, अशी अट पत्रात आहे.

गिरणीत अशा कितीतरी मोटारी असल्या, तरी मागणी फक्त एका पंख्याची आहे. बदलण्यापूर्वी दोन आठवडे आणि नंतर दोन आठवडे स्वतंत्र मीटर लावावा, खात्यातील आर्द्रता आणि सुताच्या तुटीची नोंद त्याच वहीत ठेवावी आणि मीटरची नोंद लेखा विभागाच्या माणसाने घ्यावी, असे त्याने सुचवले आहे. आकडे आले नाहीत, तर उर्वरित मोटारींचा प्रस्ताव मागे घेण्याची तयारी शेवटच्या ओळीत नमूद आहे.

पत्र सध्या व्यवस्थापनाच्या टेबलावर आहे. दरम्यान पंखा चालू आहे आणि डँपर अर्धा लावलेला आहे. अभियंत्याच्याच हिशेबाने निर्णयाला लागणाऱ्या प्रत्येक महिन्याची किंमत सुमारे चोवीस हजार रुपये आहे.