‘म्हणून’ कोठें बसतें?

शारीरविज्ञानाच्या उत्तरपत्रिका तपासतांना एक दोष आम्हांस वारंवार आढळतो. अवयवांचीं नांवें बिनचूक असतात, प्रत्येक घटना खरी असते, आणि तरीहि उत्तर चुकलेलें असतें. कारण ‘म्हणून’ हा शब्द भलत्या बाजूस बसलेला असतो. अशा उत्तरास गुण देऊन मोकळें होणें सोपें आहे. परंतु हाच दोष आजाऱ्याच्या उशाशीं बसलेल्या माणसाकडून काय करवील, हें मनांत आलें म्हणजे हात सैल सोडवत नाहीं.

प्रथम हृदयाचें उदाहरण घेऊं. विद्यार्थी लिहितो, “महाधमनीची झडप उघडते, म्हणून डावा निलय आकुंचन पावतो.” वस्तुतः झडप हा पातळ पडदा आहे, तिला स्वतःचें बळ नाहीं. निलयाचा स्नायु आधीं आवळूं लागतो. आंतील दाब वरच्या कर्णिकेंतील दाबाहून वाढतांच मधली झडप मिटते. मग क्षणभर दोन्ही झडपा बंद असतात. रक्त कोंडलेलें असतें आणि दाब चढत असतो. निरोगी माणसांत तो पाऱ्याच्या सुमारें ८० मिलिमीटरांपलीकडे, म्हणजे महाधमनींतील दाबाहून वर गेला, कीं झडप लोटली जाते. या कोंडलेल्या क्षणांतच वादाचा निकाल आहे. झडप मिटलेली असतांनाच आकुंचन चाललेलें असतें. तेव्हां झडपेचें उघडणें हें त्याचें कारण कसें असेल?

दुसरें वाक्य माजघरांतहि ऐकूं येतें: “मधुमेहाचा रोगी पाणी फार पितो, म्हणून त्यास लघवी फार होते.” येथें क्रम नेमका उलट आहे. मूत्रपिंड रक्त गाळतें तेव्हां साखरहि गाळली जाते, आणि एरव्हीं ती सारी परत शोषली जाते. रक्तांतील साखर शंभर मिलिलिटरांस सुमारें १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, म्हणजे सगळी परत घेणें मूत्रपिंडास जमत नाहीं. मागें राहिलेली साखर आपल्याबरोबर पाणी धरून ठेवते, लघवी वाढते, शरीरांतील पाणी घटतें, मग मेंदूंतील तहानेचें केंद्र जागें होतें आणि रोगी तांब्या तोंडास लावतो. पाणी पिणें हें कारण असतें, तर तें तोडतांच लघवी बेताची झाली असती. पण साखर आपलें काम करीतच राहते, आणि रोगी मात्र सुकत जातो. म्हणून रात्रीं उठावें लागूं नये अशा मायेनें सायंकाळींच तांब्या दूर ठेवणारीं माणसें नकळत अपाय करितात. उपाय साखरेवर हवा, तहानेवर नव्हे.

तथापि विद्यार्थ्याचा क्रम कधींच खरा नसतो असें नाहीं. कित्येकांस मनाच्या विकारानें अति पाणी पिण्याची संवय जडते. त्यांची लघवी पिण्यामुळेंच वाढते; परंतु त्यांच्या रक्तांत साखर वाढलेली नसते, आणि रक्त दाट होण्याऐवजीं पातळ होण्याकडे झुकतें. निर्णय रक्तपरीक्षेनें करावा, लघवीच्या मापानें नव्हे.

तिसरें उत्तर अधिक फसवें आहे: “टी.एस.एच. वाढलें, म्हणून थायरॉइड ग्रंथि मंदावली.” येथें कारणांचें वर्तुळ आहे. पिट्युइटरी ग्रंथि टी.एस.एच. धाडून थायरॉइडला कामास लावते. थायरॉइडचें थायरॉक्सिन रक्तांत पुरेसें झालें, कीं तें पिट्युइटरीस आवरतें. वर्तुळांत पहिला कोण? जेथें बिघाड झाला तो. टी.एस.एच.ची वाढ हीच सुरुवात असती, तर त्यापाठोपाठ थायरॉक्सिनहि वाढलें असतें. अहवालांत तें कमी दिसतें. अर्थात् थायरॉइडच थकली आहे आणि पिट्युइटरी अधिकाधिक मोठ्यानें हांक मारीत आहे. थायरॉक्सिनची गोळी योग्य प्रमाणांत सुरू केली असतां सहा ते आठ आठवड्यांत टी.एस.एच. उतरतें, हा त्याचा पडताळा. मात्र आंकडा उतरलेला पाहून ‘आजार गेला’ असें समजून कोणी मनानें गोळी बंद केली, तर थकलेली ग्रंथि तशीच असल्यानें आंकडा बहुधा पुन्हां चढतो. उलट पिट्युइटरीच आजारी असेल, तर थायरॉक्सिन कमी असूनहि हांक उठत नाहीं. म्हणून अशी शंका असतां दोन्ही आंकडे एकत्र वाचावे लागतात.

आपल्या तर्कशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेक येथें पुरेसा उपयोगी पडतो. उत्तरांत ‘म्हणून’ दिसला, कीं आम्ही दोन प्रश्न विचारतों: आधीं काय बदललें? आणि तें थांबविलें, तर दुसरें थांबेल काय? या दोहोंस जें उत्तर टिकत नाहीं, त्याचे अर्धे गुण आम्ही कापतों. मुलें कुरकुरतात, पण उद्यां यांपैकींच कोणी तरी आजोबांच्या उशाचा तांब्या उचलावयास जाईल, तेव्हां हे कापलेले गुण त्यास आठवावेत, एवढीच आमची इच्छा.