जालन्यात फ्लॅट घ्यावा की भाड्याने राहावं? आधी पाच वर्षांचा हिशोब मांडा

अंबड (प्रतिनिधी) : दहावीचा निकाल लागला की आपल्याकडच्या बऱ्याच घरात एकच चर्चा सुरू होते. पोराला सायन्सला घालायचं, मग जालन्यात खोली करायची की सरळ फ्लॅटच घेऊन टाकायचा? "भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, हप्ता भरला तर घर तरी आपलं होतं," हे वाक्य मी पारावर किती वेळा ऐकलं त्याला मोजमाप नाही. यंदा आमच्या गावातल्या एका शेतकऱ्यासोबत बसून वहीवर सगळा हिशोब मांडला. नाव देत नाही, आकडे देतो.

त्यांची सहा एकर जमीन, कपाशी आणि मोसंबी. मोठी मुलगी अकरावीला, धाकटा आठवीत. म्हणजे पाच वर्षं एक चूल जालन्यात राहणार. नंतर मुलगी कुठे शिकायला जाईल, मुलगा कुठे लागेल, काहीच माहीत नाही. फ्लॅट सांगितला वीस लाखाला. बँकेने पंधरा लाख द्यायची तयारी दाखवली, वहिनी अंगणवाडी सेविका असल्या तरी शिक्षक असलेला धाकटा भाऊ सहकर्जदार झाला म्हणून. नुसत्या सातबाऱ्यावर गृहकर्ज मिळणं अवघड असतं. पगाराची पावती नाही तर इन्कम टॅक्स रिटर्न मागतात, आणि तेही नसेल तर खासगी गृहकर्ज कंपनी जास्त व्याजाने देते.

आता वरचे पाच लाख आपले, एवढं सगळ्यांना कळतं. चूक तिथून पुढे होते. रजिस्ट्रीला मुद्रांक शुल्क सहा टक्क्यांच्या आसपास लागतं, आणि ते सौद्याची किंमत किंवा सरकारी रेडी रेकनरचा दर यात जे जास्त असेल त्यावर. म्हणजे सव्वा लाखाच्या जवळ. फक्त बाईच्या नावावर खरेदी केली तर एक टक्का सूट आहे, हे विचारून घ्या, समोरचा आपणहून सांगत नाही. नोंदणी फी एक टक्का, पण तीस हजाराच्या वर नाही, म्हणजे इथे वीस हजार. बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, लाईटचं मीटर नावावर करणं, सोसायटीची अनामत, एजंटाचं कमिशन. सगळं धरून दोन लाख. अन् बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर जीएसटी वेगळा. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटला तो लागत नाही. तर पाच लाखाचे सात लाख झाले, आणि हे सगळे रोख.

हप्ता बघू. पंधरा लाख, नऊ टक्के व्याज, वीस वर्षं. महिन्याला साडेतेरा हजार रुपये. पहिल्या हप्त्यातले सव्वाअकरा हजार निव्वळ व्याजात जातात, मुद्दल फिटते सव्वादोन हजार. पहिल्या वर्षात एक लाख बासष्ट हजार भरले तरी मुद्दल कमी होते फक्त अठ्ठावीस हजाराने. हे ऐकून आमच्या माणसाने चष्मा काढून वही परत जवळ घेतली. पाच वर्षांत आठ लाख दहा हजार भरल्यावरही बँकेचं देणं राहतं तेरा लाख तीस हजार. हप्ता भरला की घर आपलं होतं हे खरं, पण सुरुवातीच्या वर्षांत ते फार हळू होतं.

पाच वर्षांनी पोरं निघून गेली आणि फ्लॅट विकायचा ठरलं तर? सुरुवातीचे सात लाख, हप्त्यांचे आठ लाख दहा हजार, सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी मिळून सत्तर हजार. एकूण पंधरा लाख ऐंशी हजार. फ्लॅट आहे त्याच वीस लाखाला गेला तर बँकेचं देऊन हातात सहा लाख सत्तर हजार येतात. म्हणजे पाच वर्षं राहण्याचा खर्च झाला नऊ लाख.

भाड्याचं बघा. साडेपाच हजार भाडं, दरवर्षी पाचशेची वाढ धरली तर पाच वर्षांचे तीन लाख नव्वद हजार. एजंट, करारनामा, एखादी घरबदली आणि डिपॉझिटमधून कापले जाणारे पैसे धरून सव्वाचार लाख. वर ते सात लाख ठेव म्हणून ठेवले तर साडेसहा टक्क्याने व्याज सव्वादोन लाख. खरा खर्च दोन लाखाचा. मग घेणं केव्हा परवडेल? फ्लॅट पाच वर्षांत सत्तावीस लाखाच्या आसपास गेला तर बरोबरी. जमिनीचे भाव वाढतात, पण जुन्या इमारतीतल्या फ्लॅटचे तसेच वाढतील हे धरून चालू नका.

पण हा हिशोब पाच वर्षांचा आहे. त्यांचा शिक्षक भाऊ जालन्यातच पंधरा वर्षं राहणार असेल तर गणित उलटं होतं. भाडं वाढत जातं, हप्ता जवळपास तिथेच राहतो आणि मुद्दल झपाट्याने फिटायला लागते. तिथे घेणंच बरं.

शेतकऱ्यासाठी आणखी एक गोष्ट. हप्ता दर महिन्याला येतो, कपाशीचा पैसा वर्षातून एकदा. तीन महिने हप्ता थकला, म्हणजे नव्वद दिवस वर गेले, की खातं थकीत होतं. पीक कर्ज त्याच बँकेत असेल तर तेही थकीत धरतात, अन् सिबिल खराब झालं की दुसऱ्या बँकेतही अडतं. म्हणून कर्ज घ्यायचंच असेल तर सहा महिन्यांचे हप्ते खात्यात बाजूला ठेवा. आणि बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज असेल तर वैयक्तिक कर्जदाराला मुदतीआधी पैसे भरायला दंड नसतो. पहिल्या वर्षाच्या शेवटी मोसंबीचे पन्नास हजार मुद्दलात भरले, तर शेवटचे एकोणीस हप्ते कमी होतात. बँकेला लेखी सांगा की हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा.

एक सावधगिरी. शहराच्या कडेला एन.ए. नसलेल्या जमिनीत स्वस्तात घर दाखवतात आणि स्टॅम्प पेपरवर नोटरी करून देतात. ती खरेदी नाही. नोंदणीकृत खरेदीखताशिवाय मालकी येत नाही, बँक कर्ज देत नाही. दर कमी का आहे याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

भाड्याच्या घरालाही खाचखळगे आहेत. मी स्वतः जालन्यात राहिलो होतो, सोडताना रंगाचे म्हणून आठ हजार कापले, अन् करारात त्याचा उल्लेखच नव्हता. डिपॉझिट किती, कोणत्या कारणाने कापणार, घर सोडल्यावर किती दिवसांत परत देणार, हे करारात लिहून घ्या. पैसे फोन पे किंवा बँकेतून द्या. राहायला जाताना भिंती, नळ, पंखे यांचा मोबाईलवर व्हिडिओ काढा. अकरा महिन्यांचा करार असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी करावीच लागते, आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. लाईटचं मीटर वेगळं आहे की सबमीटर, युनिटला किती घेणार, मागचं बिल थकलंय का, हेही आधीच विचारा. बऱ्याच जणांना हे पहिल्या बिलाला कळतं.

आमच्या माणसाने शेवटी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. डिपॉझिट तीस हजार, भाडं साडेपाच हजार, सात लाखाची ठेव वहिनींच्या नावावर. मुलगा दहावी झाला की वही परत काढू म्हणाले.