लांब रेंडर आणि लॅपटॉपची उष्णता: आकडे कसे वाचावेत

ब्लेंडरमध्ये रेंडर सुरू करून पाच-दहा सेकंदांत प्रोसेसरचे तापमान ९५ अंश सेल्सिअसवर गेले, एवढ्यावरून लॅपटॉपची शीतन व्यवस्था कमी पडते असे ठरत नाही. आजचे प्रोसेसर मुळातच वाव मिळेल तितके वेगाने धावण्यासाठी आखलेले असतात आणि तो वाव संपतो तो बहुधा तापमानाच्या मर्यादेपाशीच. खरा प्रश्न असा की अर्ध्या तासानंतर त्या तापमानाला प्रोसेसर किती वेगाने चालतो आहे. त्यासाठी तापमान, क्लॉकचा वेग आणि वीजवापर हे तीन आकडे एकत्र आणि काळाच्या ओघात पाहावे लागतात.

विंडोजवर HWiNFO हा मोफत प्रोग्रॅम यासाठी सोयीचा आहे. त्याच्या सेन्सर खिडकीत शेकडो ओळी दिसतात, पण `CPU Package` तापमान, `CPU Package Power` आणि `Core Effective Clocks` एवढ्या पाहिल्या तरी बरेचसे काम भागते. नुसता `Core Clocks` हा कोअरचा त्या क्षणीचा वेग असतो. इफेक्टिव्ह क्लॉकमध्ये कोअर झोपलेला असतानाचा वेळही हिशेबात धरला जातो, म्हणून सरासरी कामाचा अंदाज त्यावरून अधिक खरा येतो.

इंटेलच्या कोअर आय७-१२७००एच या प्रोसेसरचे उदाहरण घेता येईल. त्याची कमाल तापमान मर्यादा १०० अंश, मूळ वीजमर्यादा ४५ वॅट आणि टर्बोची कमाल मर्यादा ११५ वॅट आहे. मोठ्या कोअरचा मूळ वेग २.३ गिगाहर्ट्‌झ, तर एकट्यादुकट्या कोअरवरचा टर्बो ४.७ पर्यंत जातो. सर्व कोअर राबवणाऱ्या रेंडरमध्ये हा ४.७ चा आकडा दिसत नाही आणि त्याची अपेक्षाही धरू नये.

समजा, रेंडर सुरू होताच वीजवापर ९० वॅट, तापमान ९६ अंश आणि वेग ३.८ गिगाहर्ट्‌झ दिसला. अर्ध्या-एक मिनिटाने वीज ४५ वॅटवर उतरली, वेग २.८ वर आला आणि तापमानही ८० वर घसरले. वेग पडला खरा, पण उष्णतेमुळे नव्हे. थोड्या वेळापुरती दिलेली जास्त विजेची सवलत संपली आणि उत्पादकाने ठरवलेली दीर्घकालीन मर्यादा लागू झाली, एवढेच. HWiNFO मध्ये ही मर्यादा `PL1` या नावाने दिसते. येथे शीतन व्यवस्था आपले काम नीट करते आहे. थर्मल पेस्ट बदलून वेग वाढणार नाही.

दुसऱ्या लॅपटॉपमध्ये चित्र वेगळे दिसू शकते. तापमान ९८-१०० वर अडकलेले, वीजवापर ४५ वॅटपर्यंतही न पोहोचता ३२ वर घुटमळणारा, वेग २.१ आणि २.६ यांच्यामध्ये करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होणारा, आणि `Core Thermal Throttling` पुढे `Yes`. तापमान मर्यादेला भिडलेले असूनही वीज ठरलेल्या मर्यादेच्या खाली राहणे ही उष्णता बाहेर पडत नसल्याची सर्वांत स्पष्ट खूण. वेग मूळ २.३ च्या खाली वारंवार जात असेल, तर शंकेला जागाच उरत नाही.

हा `Yes` मात्र जपून वाचावा. सुरुवातीच्या ९० वॅटच्या झटक्यात तो एकदा उमटला, तरी `Maximum` रकान्यात शेवटपर्यंत तसाच राहतो. म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत; तोवर हीट पाइप, पत्र्या आणि लॅपटॉपचे अंग पुरते तापलेले असते. मग घड्याळाच्या चित्राचे बटण दाबून नोंदी शून्यावर आणाव्यात आणि पुढची वीस मिनिटे `Average` रकाना पाहावा. नोंद सीएसव्ही फाइलमध्ये घेतली तर वेगाचा आलेख काढून घसरण नेमकी कधी सुरू झाली तेही कळते.

चाचणीभर चार्जर जोडलेला आणि पॉवर मोड तोच असावा, नाहीतर आकड्यांची तुलना फसते. खोलीचे तापमानही लिहून ठेवावे. हवा दहा अंशांनी तापली की तेवढ्याच विजेला प्रोसेसरही साधारण तितकाच अधिक तापतो. त्यामुळे जानेवारीत ८८ वर थांबणारा लॅपटॉप नागपूरच्या मे महिन्यात मर्यादेला टेकू शकतो. रेंडर ग्राफिक्स कार्डावर असेल तर त्याचाही वेग आणि वॅट पाहावेत. अनेक लॅपटॉपांत दोन्ही चिपांचे हीट पाइप सामाईक असल्याने एकाची उष्णता दुसऱ्याला भोवते.

सेन्सरवर विसंबायचे नसेल तर एकच फ्रेम सलग वीस वेळा रेंडर करून प्रत्येक वेळचे सेकंद पाहावेत. पहिल्या दोन-तीन फ्रेम टर्बोमुळे जलद होतात, त्या सोडून द्याव्यात. पुढच्या फ्रेमना सारखाच वेळ लागला तर व्यवस्था स्थिरावली आहे. वेळ वाढतच गेला आणि वीज मर्यादेखालीच राहिली, तर आधी पंख्याची जाळी व पत्र्यांमधली धूळ साफ करावी, लॅपटॉपची मागची बाजू उचलून ठेवावी आणि तीच चाचणी त्याच खोलीत पुन्हा घ्यावी. त्यानेही वॅट वाढले नाहीत, तरच पेस्ट बदलण्यासाठी लॅपटॉप उघडण्यात अर्थ आहे.