झाडावर पोपट, झाडाला आंबे

मराठीत पोपट झाडावर बसतो आणि आंबे झाडाला लागतात. इंग्रजीत पोपटासाठी 'इन' येते, आंब्यासाठी 'ऑन'. झाड एकच, मग हा फरक का? इंग्रजी फांद्या-पानांच्या पसाऱ्याला पोकळी मानते, म्हणून पोपट त्या पोकळीच्या आत. मराठी पाहते ती त्याला मिळालेला आधार. आंब्याचे देठ झाडाला जोडलेले, म्हणून आपण 'ला' लावतो. इंग्रजी मात्र आधार आणि जोड दोन्हींसाठी बहुधा 'ऑन' वापरते. डच भाषेची वाटणी इथे आपल्याला जवळची आहे. टेबलावरच्या कपाला 'ऑप', दाराच्या मुठीला 'आन'.

म्हणूनच मराठी मूल इंग्रजीत 'रिंग इन द फिंगर' म्हणते. बोटात अंगठी, गळ्यात हार, पायात चप्पल: अंगावर चढवलेल्या कितीतरी वस्तूंना आपण 'त' लावतो. खरे तर बोटच अंगठीच्या आत असते! या मुलाचे नियम कच्चे नाहीत, ते आधीच्या भाषेत पक्के झालेले आहेत. मेलिसा बोवरमन आणि सुंजा चोई यांनी 1991 मध्ये दाखवले, की कोरियन मुले बोलायला लागतानाच 'घट्ट बसणे' हा वेगळा गट करतात. त्यात बोटातली अंगठीही येते आणि पेटीत चपखल बसणारी वस्तूही.

तेव्हा शिक्षकांनो, 'त म्हणजे इन, वर म्हणजे ऑन' असा तक्ता पाठ करून घेऊ नका. अंगठी, आंबा, पोपट दाखवा आणि प्रत्येकासाठी पूर्ण वाक्य बोलून घ्या.