डिग्री कमी लागली म्हणजे पाणीच?

डेअरीच्या संकलन केंद्रावर दूधवाल्याची खरी धास्ती असते ती ‘डिग्री’ची. लॅक्टोमीटरवर २८ वाचलं, तर त्या दुधाची घनता १.०२८. पाणी घातलं की घनता उतरते आणि लॅक्टोमीटर खोल बुडतो. इथवर सरळ आहे. भांडणं होतात ती २५-२६ या आकड्यांवर.

समजा, रतिबाचं गायीचं दूध ३२ अंश सेल्सिअसला आहे आणि लॅक्टोमीटर २५ दाखवतो. आधी त्याच्या नळीवर लिहिलेलं तापमान पाहा. ते २७ असेल, तर दर जास्तीच्या अंशामागे साधारण ०.२ मिळवायचे. पाच अंशांचा १, म्हणजे खरी डिग्री २६. हा आकडा मधलाच. कित्येक गायींचं दूध २८-२९ला असतं, पण २६ची गायही निघू शकते.

शिवाय घनता पाण्यानेच उतरते असं नाही. स्निग्धांश पाण्याहून हलका, त्यामुळे दाट सायीच्या दुधाची डिग्री इतर घटक तेवढेच असताना थोडी कमी लागते. साय काढली की ती वाढते. म्हणून साय काढून वर बेताचं पाणी घातलं, तर डिग्री जागच्या जागी राहते. नुसत्या लॅक्टोमीटरवर ‘दूध शुद्ध’ म्हणणारा इथेच फसतो. डेअरीत फॅटही काढतात ते याचसाठी. नुकतं काढलेलं, फेसाळ दूधही कमी वाचतं. ते तास-दोन तास ठेवून, न घुसळता ढवळून मोजावं.

मग २६चं करायचं काय? गोठ्यात जाऊन समोर धार काढायला सांगायची. पहिल्या धारा पातळ आणि शेवटच्या दाट असतात, म्हणून सगळं दूध काढून एकत्र करायचं. दुधात चार गायी मिसळत असतील, तर चौघींचं. ते तसंच मोजून २९ आलं, तर फरक ३चा. ३ला २९ने भागलं की रतिबाच्या दुधात सुमारे दहा टक्के पाणी निघतं. २६.५ आलं, तर गायच तशी, गवळ्यावरचा आरोप मागे घ्यावा.

पाणी लपवायला कोणी स्टार्च घालतो, तेव्हा डिग्री बरी दिसते. त्यासाठी थोडं दूध उकळायचं, कारण कच्च्या स्टार्चचे कण उकळल्यावरच फुगून फुटतात. मग पूर्ण गार करून टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब. निळं झालं तर स्टार्च आहे. गरम दुधात हा निळा रंग उडतो, म्हणून घाईत घेतलेल्या चाचणीचं ‘नाही’ धरू नये. रंग फिकट, राखाडी आला तर दोन नमुने शेजारी ठेवा: एक खात्रीचं दूध, दुसरं त्याच दुधात चिमूटभर मैदा उकळून. आपला रंग ज्याच्याजवळ जाईल, त्याच्यावर विश्वास. मध्येच राहिला, तर नमुना प्रयोगशाळेत द्यावा.