हिजरी सन हिजरतीपासूनच का? एका पावतीच्या आधाराने

खलिफा उमर यांच्यासमोर एकदा पैसे देण्याचा एक दस्त आला, असं एक जुनं कथन सांगतं. त्यावर मुदत लिहिली होती साबान महिन्याची. उमर यांनी विचारलं, कुठला साबान? सरलेला, चालू असलेला, की येणारा? दस्तावर महिना होता, वर्ष नव्हतं.

दुसरं कथन बसऱ्याचे सुभेदार अबू मूसा अल्-अशअरी यांचं. त्यांनी उमर यांना कळवलं, की तुमच्याकडून पत्रं येतात, पण त्यांवर तारीख नसते. मग आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं, हे कळत नाही.

दोन्ही कथनांतली अडचण एकच आहे. अरबांकडे बारा महिन्यांची नावं होती, पण वर्षांना सलग आकडे नव्हते. वर्ष ओळखायचं ते एखाद्या मोठ्या घटनेवरून, जसं 'हत्तीचं वर्ष'. एका शहरापुरतं हे चालतं, कारण घटना सगळ्यांच्या लक्षात असते. पण उमर यांच्या कारकिर्दीत (६३४ ते ६४४) इराक, सिरिया आणि इजिप्त हाताखाली आले. बसरा, कूफा, फुस्तात इथे छावण्या वसल्या. सारा, रसद, सैनिकांचे पगार सगळं कागदावर आलं. म्हणून पैगंबर गेल्यानंतर पाच-सहा वर्षांत, बहुतेक कथनांनुसार हिजरी १६ किंवा १७ मध्ये, उमर यांनी सल्लामसलत करून सन ठरवला.

इथपर्यंत फारसा वाद नाही. खरा प्रश्न पुढचा आहे: सुरुवात हिजरतीपासून का?

पुस्तकात सापडणारं उत्तर

कथनांनुसार बैठकीत बरेच पर्याय निघाले. रूमी लोकांचा सन घ्यावा, असं कुणी म्हणालं. तो फार जुन्या काळापासून मोजतात म्हणून नको झाला. इराणी पद्धतीत राजा बदलला की मोजणी पुन्हा एकपासून, म्हणून तीही नको. मग पैगंबरांच्या आयुष्यातले टप्पे पुढे आले: जन्म, पहिला साक्षात्कार, मक्केहून मदिनेला स्थलांतर म्हणजे हिजरत, आणि मृत्यू. हिजरतीचा आग्रह एका कथनात अली यांच्या नावावर आहे. दुसऱ्या कथनात स्वतः उमर म्हणतात, की हिजरतीने सत्य आणि असत्य वेगळं केलं.

हिजरतच का, याचं सर्वांत नीटस उत्तर इब्न हजर यांच्या बुखारीवरच्या टीकेत मिळतं. जन्माचं आणि साक्षात्काराचं वर्ष वादातीत नाही. मृत्यूची आठवण दुःखाची. उरली हिजरत. उत्तर तर्कशुद्ध आहे, आणि बहुतेक लेखांत हेच दिलेलं असतं.

पण संशोधनाच्या सवयीने आधी एक विचारा: हे कोण सांगतंय आणि कधी? इब्न हजर यांचा मृत्यू १४४९ चा, म्हणजे निर्णयानंतर आठशे वर्षांनी. बैठकीची कथनं देणारे तबरी ९२३ मध्ये वारले. त्यांच्याकडची कथनं त्यांच्याहून जुनी आहेत हे खरं, पण ती आपल्यापर्यंत लिखित स्वरूपात पोचली ती उशिराच. 'निर्णय झाला' हे एक विधान आहे आणि 'या कारणाने झाला' हे दुसरं. पहिल्याला पुरावा मिळाला म्हणून दुसरं आपोआप सिद्ध होत नाही. तर मग उमर यांच्या हयातीतला एखादा कागद मिळतो का, ते बघू.

पासष्ट मेंढ्यांची पावती

मिळतो. व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एक पपायरस आहे, अभ्यासक त्याला पी.ई.आर.एफ. ५५८ म्हणतात. मध्य इजिप्तमधल्या अहनास भागातली ही पावती आहे. अब्दुल्ला इब्न जाबिर या अरब सरदाराने आपल्या सैन्यासाठी स्थानिक अधिकाऱ्यांकडून पासष्ट मेंढ्या घेतल्या, त्याची. मजकूर ग्रीक आणि अरबी अशा दोन्ही भाषांत आहे, आणि दोन्हींत तारीख आहे. आपल्याला हवं ते नेमकं इथेच आहे.

अरबी तारीख: जमादिलावल महिना, वर्ष बावीस. ग्रीक तारीख: इजिप्ती फार्मूथी महिन्याची ३०, पहिलं इंडिक्शन. इंडिक्शन म्हणजे बायझंटाइन करवसुलीचं पंधरा वर्षांचं चक्र. चक्रातलं पहिलं वर्ष ६४२-४३ ला येतं, त्याआधी ६२७-२८ ला आणि नंतर ६५७-५८ ला. फार्मूथीची ३० म्हणजे २५ एप्रिल.

आता अरबी बाजू स्वतः मोजून बघा. सनाचा पहिला दिवस, १ मोहरम, आजच्या गणिताने १६ जुलै ६२२ धरू. वर्ष बावीस सुरू होण्याआधी २१ वर्षं पूर्ण झाली. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून ७४३४ दिवस. तीस वर्षांच्या ठरावीक चक्रानुसार या २१ वर्षांत आठ वाढीव दिवस येतात, म्हणजे ७४४२. जमादिलावलच्या आधी चार महिने, त्यांचे ११८ दिवस. एकूण ७५६०. १६ जुलै ६२२ पासून इतके दिवस पुढे गेलं, की आपण २८ मार्च ६४३ ला पोचतो. महिना तीस दिवसांचा, म्हणजे २६ एप्रिलपर्यंत. ग्रीक तारीख २५ एप्रिल ६४३. ती बरोबर या महिन्यात बसते.

हाच 'बावीस'चा आकडा दुसऱ्या टप्प्यापासून मोजून बघा. साक्षात्कार साधारण ६१० चा, तिथून मोजलं तर आपण ६३१ च्या आसपास येतो. तेव्हा इजिप्तमध्ये अरब सैन्यच नव्हतं. मृत्यू ६३२ चा, तिथून मोजलं तर ६५३ च्या सुमारास. इंडिक्शन दोन्हीकडे जुळत नाही. म्हणजे ६४३ मध्ये, उमर हयात असताना, मदिनेपासून दूर इजिप्तमधला लेखनिक ६२२ पासूनच वर्षं मोजत होता. हे कुणाच्या आठवणीवर अवलंबून नाही.

पावती काय सांगत नाही

या अरबी मजकुरात नुसतं 'वर्ष बावीस' आहे. 'हिजरतीपासून' हा शब्द नाही. हम्मत गादेर इथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर मुआविया यांच्या काळातला, ६६२ चा, ग्रीक शिलालेख आहे. त्यातही 'अरबांच्या गणनेनुसार ४२ वं वर्ष' एवढंच आहे. सुरुवात कुठून हे आकड्यांवरून कळतं, कारण मात्र कळत नाही.

पण पावती उलटवून बघा. मागच्या बाजूला ग्रीकमध्ये नोंद आहे, की मेंढ्या 'मागारिताइ'ना दिल्या. हा शब्द अरबी 'मुहाजिर'चा ग्रीक उच्चार आहे. मुहाजिर म्हणजे हिजरत केलेला. आता हे सैनिक काही ६२२ मध्ये पैगंबरांबरोबर मक्का सोडणारे नव्हते. त्यांतले बहुतेक त्यानंतर अरबस्तानातून निघून छावण्यांत आलेले. तरी त्यांची ओळख 'हिजरत केलेले' अशीच होती. पॅट्रिशिया क्रोन यांनी जुनी कथनं तपासून दाखवलं, की पहिल्या शतकात हिजरत म्हणजे फक्त एकदा घडून गेलेला प्रवास नव्हता. घरदार, टोळी सोडून छावणीच्या शहरात येणं आणि लढाईसाठी नाव नोंदवणं, यालाही हिजरत म्हणत.

हे लक्षात घेतलं की 'उरली हिजरत' हे उत्तर अपुरं वाटू लागतं. सन ज्यांच्या कारभारासाठी केला, त्या लोकांचं नावच हिजरतीवरून पडलं होतं. जन्म आणि साक्षात्कार हे एका व्यक्तीच्या आयुष्यातले प्रसंग. हिजरतीपासून मदिनेत स्वतःचे करार, लढाया आणि वाटण्या करणारा समाज उभा राहिला. बुखारीत सह्ल इब्न सअद यांचं छोटं कथन आहे, की लोकांनी साक्षात्कारापासून मोजलं नाही, मृत्यूपासूनही नाही, मदिनेला येण्यापासूनच मोजलं. त्यात कारण दिलेलं नाही. कदाचित त्या पिढीला ते सांगावंसं वाटलंच नसेल. हा शेवटचा भाग अर्थातच अनुमान आहे, आणि प्रबंधात तो अनुमान म्हणूनच लिहायचा.

सनाचा पहिला दिवस हिजरतीचा दिवस नव्हे

इथे बरेच जण घसरतात. पैगंबर मदिनेजवळ कुबाला पोचले ते रबिलावलमध्ये, म्हणजे सप्टेंबर ६२२ मध्ये. सन सुरू होतो त्याआधी दोन महिन्यांहून जास्त, मोहरमपासून. कथनांनुसार मोहरम निवडला कारण तेव्हा लोक हजहून परततात, आणि अरबांचं वर्ष तसंही तिथूनच धरलं जाई. वर्ष हिजरतीचं, पहिला महिना जुन्या वहिवाटीचा, असा हा मेळ आहे.

आपली पावती या बाबतीत उपयोगाची नाही. वर्ष मोहरममध्ये बदलो की रबिलावलमध्ये, जमादिलावल दोन्हींनंतर येतो, आकडा बावीसच राहतो. इथे वायव्य अरबस्तानातला झुहैरचा शिलालेख जास्त बोलतो: 'उमर वारले त्या सुमारास, वर्ष चोवीस.' परंपरेनुसार उमर यांच्यावर हल्ला झाला जिल्हेज २३ च्या शेवटी, आणि दफन १ मोहरम २४ ला. वर्ष रबिलावलला बदलत असतं तर तेव्हा २३ च चालू असतं. अर्थात 'त्या सुमारास' हा शब्द सैल आहे, म्हणून हा पुरावा कल दाखवणारा, निर्णायक नव्हे.

१६ जुलै ६२२ या तारखेबद्दलही तेच. ती मागे मोजत जाऊन काढलेली आहे. इस्लामपूर्व अरब अधूनमधून अधिक महिना घालत, आणि ती प्रथा बंद झाली हिजरी १० मध्ये. पहिल्या नऊ-दहा वर्षांत कुठे अधिक महिना पडला असेल, तर त्या काळातल्या प्रत्यक्ष तारखा आपल्या तक्त्याशी जुळणार नाहीत. म्हणून बद्रच्या लढाईची इसवी तारीख लिहिताना 'रूपांतरित' हा शब्द जोडा. वर्ष बावीसच्या पावतीला ती गरज नाही, कारण तिथे ग्रीक तारीख साक्षीला आहे.

मोडी कागदांवर काम करणाऱ्यांना जमादिलावल, जिल्हेज ही नावं रोज भेटतात. तिथे हिजरी आणि सुहूर सन शेजारी दिसले, तर हाच क्रम वापरा: आधी त्या कागदावरच दुसरी तारीख आहे का ते शोधा, दोन्ही स्वतंत्रपणे मोजा, आणि मगच तक्त्याकडे वळा.